‘mla’ लिहिलं म्हणून ‘मला’ मरत नाही



आजचा ठराव आहे : ‘मोबाइलवरच्या संक्षेपांमुळे भाषेचं व्याकरण बिघडतं.’ मी या ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. पण सुरुवात मी अशा एका प्रसंगाने करते, जो ऐकून तुम्हाला वाटेल की ही मुलगी चुकून दुसऱ्या बाजूने बोलतेय.

आम्ही मिरजेचे. घरात दख्खनी आणि मराठी दोन्ही चालतात, कित्येकदा एकाच वाक्यात. नानीला उर्दू वाचता येतं, देवनागरी नाही. मला देवनागरी येते, उर्दू अडखळत. आखातात वाढलेल्या मावसभावंडांना दोन्ही लिप्या जड जातात. त्यामुळे घरच्या ग्रुपवर सगळे रोमन अक्षरांत लिहितात. तीच आमची सगळ्यांची मधली गल्ली आहे.

मागच्या वर्षी नानीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या तपासणीबद्दल खालाने ग्रुपवर एक मेसेज टाकला :

`Nani la kl dr kde 11 la`

खालाला म्हणायचं होतं, ‘नानीला उद्या डॉक्टरकडे अकराला न्यायचं आहे.’ दख्खनीत उद्याला ‘कल’ म्हणतात आणि होऊन गेलेल्या दिवसालाही ‘कल’च म्हणतात. मराठीत ‘काल’ म्हणजे फक्त होऊन गेलेला दिवस. मामूंनी ते `kl` मराठीत वाचलं. ‘नानीला काल नेलं होतं’ असं समजून त्यांनी अंगठा दाखवला. खालाला वाटलं, मामूंनी हो म्हटलं, म्हणजे ते नेणार. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नानी बुरखा घालून दारात बसली होती आणि न्यायला कोणीच आलं नाही. तपासणी दोन दिवसांनी झाली. डोळा सुखरूप आहे, पण त्या दिवशी घरात झालेलं भांडण मी विसरलेले नाही.

माझ्या आधीचे वक्ते म्हणतील, ‘बघा, हेच तर आम्ही सांगतोय!’ जरा थांबा. आपण तो मेसेज फळ्यावर लिहिल्यासारखा नीट बघू या.

`Nani la` मध्ये ‘ला’ हा प्रत्यय आहे. `dr kde` मध्ये ‘डॉक्टर’चं दोन अक्षरांत मुटकुळं झालंय, पण ‘कडे’ जागेवर आहे. `11 la` मध्ये तर गंमत आहे. अकरा हा शब्दसुद्धा लिहिलेला नाही, नुसता आकडा आहे, तरी आकड्याला ‘ला’ लावायला खाला विसरली नाही. म्हणजे शब्द कापले, पण शब्दांचे एकमेकांशी असलेले संबंध दाखवणारी प्रत्येक खूण राहिली. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे क्रियापद. खालाने शेवटी `ne` लिहिलं असतं तर ती आज्ञा झाली असती : ‘ने’. म्हणजे उद्या. `nel` लिहिलं असतं तर ‘नेलं’. म्हणजे काल. `kl` हा शब्द तसाच चिरडलेला राहिला असता, तरी क्रियापदाने अर्थ सांभाळला असता.

त्या दिवशी नानी दारात बसून राहिली ती `kl` आणि `dr` मुळे नाही. ती बसून राहिली कारण त्या वाक्यातून व्याकरणाचाच एक तुकडा गळला होता. माझा पूर्ण मुद्दा या फरकावर उभा आहे. शब्द आखूड करणं ही एक गोष्ट आहे, व्याकरण सोडणं ही दुसरी. पहिली गोष्ट आपण रोज करतो आणि निभावून नेतो. दुसरी केली की तिथल्या तिथे फजिती होते, म्हणून माणसं ती सहसा करतच नाहीत.

आता ‘माणसं ती करत नाहीत’ हे मी कशावरून म्हणते? तुमचे स्वतःचे मेसेज उघडून पाहा. मराठीचं व्याकरण बहुतांशी शब्दाच्या शेपटीत असतं. घर, घरात, घराला, घराचा. केला, केली, केलं. आणि आपण कापतो काय? शब्दाच्या पोटातले स्वर. ‘मला’चं `mla` होतं, शेवटचा ‘ला’ राहतो. ‘नाही’चं `nhi` होतं. ‘कॉलेजला’चं `clgla` होतं. इंग्रजी शब्दाचे फक्त तीन सांगाडे उरले, पण मराठी प्रत्यय धडधाकट आहे.

याहून कठीण परीक्षा घेऊ. मराठीत ‘मुलगा’ या शब्दाला थेट ‘ला’ लागत नाही. आधी त्याचं सामान्यरूप होतं, ‘मुलग्या’, आणि मग ‘मुलग्याला’. परक्या माणसाला मराठी शिकताना हे सामान्यरूप फार छळतं. आता मेसेजमध्ये हा शब्द कसा येतो? `mlgyala`. पोटातला उकार गेला, अकार गेला, पण सामान्यरूपाचा ‘ग्या’ शिल्लक आहे. घाईत असलेला, एका हाताने बसचा दांडा धरून दुसऱ्या हाताने टाइप करणारा मुलगासुद्धा `mlgala` लिहीत नाही. व्याकरण बिघडलं असतं तर सगळ्यात आधी ते इथे दिसलं असतं.

तीच गोष्ट लिंगाची. `exam zali` असं आपण लिहितो, कारण आपल्या मनात परीक्षा स्त्रीलिंगी आहे. लेक्चर नपुंसकलिंगी, म्हणून ‘लेक्चर झालं’, आणि त्याचं `lec zal`. म्हणजे परभाषेतून आलेल्या, वर अर्ध्यात मोडलेल्या शब्दालाही आपण मराठी लिंग देतो आणि क्रियापद त्याप्रमाणे वळवतो. ज्या भाषेचं व्याकरण मोडीत निघालंय तिला हे जमणार नाही.

आता कोणी विचारेल, पण हे कापाकापीचं खूळ आलं कुठून? आळसातून? नाही, ते हिशोबातून आलं. जुन्या एसएमएसमध्ये एका मेसेजला ११२० बिट इतकीच जागा होती. बिट म्हणजे यंत्राच्या मोजमापातला सगळ्यात लहान घर. इंग्रजी अक्षराला अशी ७ घरं लागायची, म्हणून एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसायची. देवनागरीसाठी प्रत्येक खुणेला १६ घरं लागायची, म्हणून ७० खुणा. बरं, यंत्र जोडाक्षर एक मोजत नाही. ‘मी उद्या येणार नाही’ या वाक्यात डोळ्याला आठ अक्षरं आणि मध्ये तीन मोकळ्या जागा दिसतात. यंत्र मात्र काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी मोजतं, हलन्त वेगळा मोजतं. ‘उद्या’ या एका शब्दाच्या पाच खुणा होतात. पूर्ण वाक्याच्या होतात १९. सत्तरातल्या एकोणीस, म्हणजे पाव मेसेज संपला. तेच `mi udya yenar nahi` लिहिलं तर १८, पण १६० पैकी. शिवाय तेव्हाच्या बहुतेक साध्या फोनवर देवनागरी टाइप करणं म्हणजे एकेका बटणावर बोट झिजवणं होतं. दर मेसेजला पैसे मोजणारा माणूस कोणता रस्ता धरेल ते उघड आहे.

आज ती मर्यादा राहिलेली नाही. पानभर मेसेज फुकटात जातो. तरीही `mla` आणि `nhi` राहिले. याचाच अर्थ आता ते नाइलाज नाहीत, ती एक रीत झाली आहे. मित्राला पूर्ण विरामचिन्हांसकट ‘ठीक आहे.’ असं लिहिलं तर तो विचारतो, ‘रागावलीस का?’ `ok` आणि `thik` यांत आणि ‘ठीक आहे.’ यात अर्थ एकच आहे, पण त्यातली जवळीक वेगळी आहे. भाषाशास्त्रात याला रजिस्टर म्हणतात. हे हजेरीचं रजिस्टर नव्हे. कोणाशी, कुठे, कशासाठी बोलतोय त्यानुसार बदलणारी भाषेची धाटणी, म्हणजे रजिस्टर. मेसेजची भाषा ही अशी एक नवी, अनौपचारिक धाटणी आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि ‘लिखाण कमी झालं की भाषा खालावते’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच घरातलं उर्दू वर्तमानपत्र उघडून बघावं. उर्दूत ऱ्हस्व स्वर अक्षराच्या वर किंवा खाली लहान खुणांनी दाखवतात. जबर, जेर, पेश. वर्तमानपत्रात या खुणा जवळजवळ नसतातच. वाचणारा त्या मनाने भरतो. म्हणजे रोजचं उर्दू हे एका अर्थाने `mla` आणि `nhi` च आहे, व्यंजनं लिहायची आणि ऱ्हस्व स्वर ओळखायचे. त्याने उर्दूचं व्याकरण कोसळलं, असं कोणी म्हणत नाही. पण मदरशात मुलाच्या हातात जो कायदा देतात त्यात सगळ्या खुणा असतात, कारण तो शिकतोय. आणि कुरआनच्या प्रतीत सगळ्या खुणा असतात, कारण तिथे वाचनात चूक चालत नाही. एकच लिपी, पण शिकणाऱ्यासाठी भरलेली, पवित्र ग्रंथासाठी भरलेली आणि रोजच्या बातमीसाठी मोकळी. प्रसंगानुसार कमीजास्त लिहिणं आपल्या घरांत कित्येक पिढ्या चालत आलंय.

यातून घरातल्या एका जुन्या भांडणाचाही उलगडा होतो. आपण `slm` लिहिलं की नाना चिडतात. त्यांचं चिडणं मला पटतं, पण ते व्याकरणासाठी चिडत नाहीत. हदीस लिहून घेणारे जुने लेखक ‘हद्दसना’ हा पुन्हापुन्हा येणारा शब्द नुसता ‘सना’ असा लिहीत. ‘हद्दसना’ म्हणजे ‘त्यांनी आम्हाला सांगितलं’. इब्न अस-सलाह हे तेराव्या शतकातले दमास्कसचे हदीसचे मोठे विद्वान. अशा संक्षेपांची रीत त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. मात्र पैगंबरांच्या नावापुढचा दरूद खुणेत उरकू नका, पूर्ण लिहा, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे त्यांचा संक्षेपाला विरोध नव्हता. कुठे आखूड करायचं आणि कुठे नाही, याचं त्यांना भान होतं. नानांची तक्रार तीच आहे. म्हणून मी नानांना सलाम पूर्ण लिहिते आणि मैत्रिणीला `slm`. दोन्ही वेळा मी बरोबर असते.

मराठीकडेही बघू. आपले आजोबा-पणजोबा ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असं लिहीत. त्यातले किती तरी अनुस्वार उच्चारात ऐकू येत नव्हते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते अनुस्वार काढून टाकले. आपण ‘नाव’ लिहू लागलो, ‘काही’ लिहू लागलो. पण त्याच नियमांनी एक अनुस्वार जपला. ‘लोकांना’, ‘मुलांनी’, ‘त्यांचा’ यांतला. का? कारण तो टिंब अनेकवचन सांगतो. जो टिंब काही सांगत नव्हता तो गेला, जो व्याकरणाचं काम करत होता तो राहिला. मोबाइलवर आपण नकळत हाच नियम पाळतो. ज्याच्यावाचून अडत नाही ते गाळतो, ज्याच्यावाचून अर्थ अडतो ते ठेवतो.

इथे मी एक कबुली देते, कारण ती न देणं खोटेपणा होईल. या अनुस्वाराच्या बाबतीत मोबाइलची भाषा खरोखर कमी पडते. `tyani sangitl` असा मेसेज आला, तर ‘त्याने सांगितलं’ की ‘त्यांनी सांगितलं’? वर्गमित्राने की सरांनी? एकाने की चौघांनी? बोलताना पुष्कळ जण दोन्हीकडे ‘त्यानी’च म्हणतात आणि तेच तसंच्या तसं टाइप होतं. इथे वचन पुसलं जातं, आदरही पुसला जातो. दुसरी उणीव रोमन लिपीची आहे. `mala` म्हणजे मला, माळा, माला की मळा, हे ती लिपी सांगत नाही. ण आणि न, ळ आणि ल, ऱ्हस्व आणि दीर्घ, सगळं एका गाठोड्यात जातं. जो मुलगा वर्षानुवर्षं मराठी फक्त रोमनमध्ये लिहील, त्याचा ‘पाणी’ लिहिताना हात अडखळेल. हे नुकसान खरं आहे. पण त्याचं नाव व्याकरण बिघडणं नाही. ते देवनागरीचा सराव सुटणं आहे. त्याने `pani` असं पूर्ण, एकही अक्षर न गाळता लिहिलं तरी ण आणि न यांचा फरक त्याला कळणार नाही. आखूड करणं बंद करून हा आजार बरा होणार नाही.

मग अभ्यासकांना काय आढळलं? माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी एका अमेरिकन अभ्यासाचा उल्लेख केला. ड्रू सिंगल आणि श्याम सुंदर यांचा तो अभ्यास, २०१२ सालचा. शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या मेसेजमध्ये अशी मोडतोड जास्त होती, त्यांचे व्याकरणाच्या चाचणीतले गुण कमी होते. हे खरं आहे, मी ते लपवणार नाही. पण तुम्ही दुसरा अभ्यास सांगितला नाही. बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वूड आणि पूजा जोशी यांनी २००९ साली ब्रिटनमधल्या १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे जी मुलं मेसेजमध्ये असे संक्षेप जास्त वापरत होती, ती शब्द वाचण्यात पुढे होती. कारण `gr8` बनवायला आधी त्या शब्दाचा आवाज कानाने नीट तोडता यावा लागतो.

दोन अभ्यास, दोन दिशा. यातला कुठलाही ‘यामुळे ते झालं’ असं सिद्ध करत नाही, दोन्ही फक्त ‘हे आणि ते सोबत दिसलं’ इतकंच सांगतात. शिवाय दोन्ही इंग्रजीचे आहेत. इंग्रजीत `ur` लिहिलं की `your` आणि `you're` हे दोन वेगळे प्रकार एक होऊन जातात, कारण तिथे हा फरक कानाला जवळजवळ ऐकूच येत नाही, तो स्पेलिंगमध्येच राहतो. मराठीत ‘घरात’ आणि ‘घराला’ हा फरक कानाला ऐकू येतो, म्हणून तो टाइप करताना बोटांतही उतरतो. इंग्रजीचा निकाल उचलून मराठीवर लावता येत नाही.

म्हणून मी माझ्यापुरती एक साधी चाचणी केली. तिला अभ्यास म्हणायची माझी हिंमत नाही. आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी मी घेते. एका दिवशी त्यांना एकच मजकूर दोनदा लिहायला लावला. आधी मित्राला मेसेज, मग मुख्याध्यापकांना अर्ज. मजकूर असा : उद्या भावाचं लग्न आहे, शाळेत येता येणार नाही.

मेसेज सगळ्यांनी क्षणात लिहिला. एकीने लिहिलं : `udya nhi yenar bhavach lgn ahe`. तपासा. ‘भाऊ’चं सामान्यरूप ‘भावा’, बरोबर. लग्न नपुंसकलिंगी म्हणून ‘भावाचं’, बरोबर. येणार नाही, बरोबर. शब्दांची जागा हलली आहे, ती आपण बोलतानाही हलवतोच. व्याकरणाची एकही चूक नाही.

मग अर्ज. अर्ज लिहायला पाऊण तास लागला. आणि अर्जात मला काय सापडलं? `plz` नाही, `nhi` नाही, मोबाइलची एकही खूण नाही. मुलांना ते तिथे चालत नाही हे न सांगता कळलं होतं. पण ‘महोदय’ लिहायचं की ‘सर’, हे कोणाला ठाऊक नव्हतं. ‘अनुपस्थित राहण्याची परवानगी मिळावी’ असं वाक्य त्यांच्या तोंडी कधी आलंच नव्हतं. तीच मुलगी, जिने मेसेजमध्ये ‘भावाचं लग्न’ अचूक लिहिलं होतं, अर्जात लिहून बसली : ‘माझ्या भावाची विवाह आहे.’ तिच्या भाषेत ‘लग्न’ होतं, ‘विवाह’ नव्हता. तो पुल्लिंगी हे तिला कोण सांगणार? अवघड शब्द आणायच्या धडपडीत तिचं व्याकरण घसरलं. तिच्या मोबाइलवरचं मराठी अर्जातल्या मराठीपेक्षा जास्त शुद्ध होतं!

आणि हो, अर्जात एका मुलाने संक्षेप वापरले होते. पत्ता लिहिताना ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’. वर ‘दि.’. त्याबद्दल मी त्याला शाबासकी दिली, कारण अर्जाची तीच रीत आहे. आपल्या जुन्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ असायचं, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्र संपल्यावर काही आठवलं तर ‘ता. क.’, ताजा कलम. पूर्णविराम दिलेला संक्षेप सुसंस्कृत आणि न दिलेला बिघडलेला, असा काही नियम असेल तर तो व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकात आहे, हे प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या उत्तरात जरूर सांगावं.

शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्यासाठी स्पर्धेच्या बाहेरचा आहे. ‘बिघडलेली भाषा’ हा शब्द मी मोबाइल हातात येण्याच्या आधीपासून ऐकत आले आहे. शाळेत माझ्या तोंडून ‘मेरेकू’ किंवा ‘नक्को’ निघून गेलं की वर्ग हसायचा. एका स्पर्धेत मला बक्षीस मिळालं तेव्हा कौतुक असं झालं होतं : ‘तुझं मराठी चांगलं आहे, तुमच्यात सहसा अशुद्ध असतं.’ पण माझी अम्मी ‘मेरेकू’ म्हणते ती कधी कधी नाही, नेहमी म्हणते. ‘तेरेकू’, ‘उसकू’, ‘नानीकू’. मराठीत जिथे ‘ला’ येतो तिथे तिचा ‘कू’ येतो, एकदाही न चुकता. त्याला नियम म्हणतात. नियम वेगळा आहे म्हणजे नियम नाही, असं ठरवणाऱ्यांनी आधी आमच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हटलं, आता त्याच सुरात ते मोबाइलच्या भाषेला म्हणतायत. ज्या मुलीने घरी ‘नानीकू’, शाळेत ‘आजीला’ आणि ग्रुपवर `nanila` असं तीन ठिकाणी तीन प्रकारे आणि तिन्ही वेळा बरोबर लिहिलं-बोललं, तिचं व्याकरण कच्चं आहे असं मी मानायला तयार नाही.

तिला काय कमी पडतं ते मी सांगितलं. तिला अर्ज लिहायला कोणी बसवलेलं नाही. ‘विवाह’ कोणत्या लिंगाचा ते तिला कोणी सांगितलेलं नाही. देवनागरीत रोज चार ओळी लिहायची वेळ तिच्यावर येत नाही. या तीन गोष्टींसाठी तिच्या हातातला मोबाइल काढून घेऊन काही होणार नाही. आमच्या शिकवणीत आता दर शुक्रवारी एक अर्ज लिहून घेतो. कधी रेशनकार्डासाठी, कधी शिष्यवृत्तीसाठी, कधी महानगरपालिकेला तुंबलेल्या गटारीबद्दल. खाली `mla` लिहिणारी तीच मुलं आहेत. त्या अर्जांत अजून ‘विनंति’ आणि ‘विनंती’चा घोळ होतो, पण `nhi` एकदाही आलेलं नाही.

आणि आमच्या ग्रुपवर? खालाने आपली सवय बदललेली नाही. `kl` अजून `kl` च आहे आणि `dr` अजून `dr`. मागच्या आठवड्यात नानीची पुढची तपासणी होती. मेसेज आला :

`Nani la kl dr kde ne 11 la`

दोन अक्षरांचं क्रियापद वाढलं होतं. मामू अकराला दहा मिनिटं कमी असताना दारात हजर होते.

म्हणून मी या ठरावाला विरोध करते.